टायर बदलल्यापासून गाडी एका बाजूला ओढते, अलाइनमेंट करूनही परत तेच: आधी टायरची जोडी बघा

तक्रार नेहमी साधारण एकाच साच्यातली असते. एक टायर फाटला किंवा फुगला, दुकानात तीच कंपनी मिळाली नाही म्हणून त्याच साइझचा दुसऱ्या कंपनीचा एक टायर टाकला, आणि तेव्हापासून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा ढिलं सोडलं की गाडी एका बाजूला सरकायला लागते. मग अलाइनमेंट केली, थोडे दिवस बरं वाटलं, पुढे रोटेशन केलं, म्हणजे चाकांच्या जागा आपसात बदलल्या, आणि गाडी पुन्हा ओढायला लागली, यावेळी कदाचित उलट्या बाजूला. परत अलाइनमेंट, प्रिंटआउटवर सगळं हिरवं. मग कोणीतरी म्हणतं सस्पेन्शन बघा, कोणी म्हणतं रॅक गेला, आणि खर्चाची गाडी सुटते ती थांबतच नाही.

यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं सोपं होतं. अलाइनमेंटचं मशीन चाकांचे कोन मोजतं, टायर रस्त्यावर किती जोर लावतोय हे मोजत नाही. गाडी कुठे जाणार हे ठरवतो जोर. दोन्ही बाजूंचे टायर सारखे असतील तर सारख्या कोनाला जोरही सारखा येतो आणि एकमेकांना कापतो, म्हणून कोन बरोबर म्हणजे गाडी सरळ हे गणित जुळतं. टायर वेगवेगळे असले की तेच कोन, तोच हिरवा कागद, पण जोर वेगळे, आणि जो फरक उरतो तो तुम्हाला स्टिअरिंगमध्ये जाणवतो.

जरा उलगडून सांगतो. पुढच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत किंचित टो-इन असतो, म्हणजे दोन्ही चाकांचं तोंड थोडंसं आत. डावं चाक गाडीला उजवीकडे ढकलत असतं, उजवं डावीकडे. समजा (आकडे फक्त समजण्यासाठी) जुना, झिजलेला टायर एका डिग्रीला ८०० न्यूटन जोर देतो आणि नवा खोल नक्षीचा ६५०. टो प्रत्येक चाकाला ०.१ डिग्री असेल तर एकीकडून ८० न्यूटन आणि दुसरीकडून ६५, म्हणजे १५ न्यूटन शिल्लक. ऐकायला किरकोळ वाटतं पण हा जोर सतत असतो, तुम्ही सरळ जात असलात तरी, आणि तो मोडायला हात स्टिअरिंगवर थोडा वळवून धरावा लागतो. कॅम्बरचंही तसंच, चाक वरून जरा आत-बाहेर झुकलेलं असलं की त्यातून एक बाजूचा जोर येतो, दोन्ही टायर सारखे असतील तर तो कटतो, नसतील तर कटत नाही.

हो, नवा टायर कोरड्या रस्त्यावर जुन्यापेक्षा मऊ वागतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. नव्या टायरच्या नक्षीचे रबरी गट्टे साधारण ८ मिमी उंच असतात, ते बाजूच्या जोराला आधी वाकतात आणि मग पकड घेतात. ३ मिमीवर आलेल्या टायरचे गट्टे बुटके, त्यांना वाकायला जागाच नाही, म्हणून तो कोरड्यात पटकन उत्तर देतो. पावसात मात्र चित्र पूर्ण पालटतं, ते पुढे बघू.

दुसरं कारण टायरच्या पोटातलं. नक्षीच्या रबराखाली स्टीलचे पट्टे असतात, ते बनवताना मध्यापासून जरासे जरी एका बाजूला बसले तर टायरची एक कड दुसरीपेक्षा किंचित ताठ होते. कागदी कप आडवा ठेवून ढकला, तो सरळ न जाता गोल फिरतो ना, टायर पण तसाच एका बाजूला जायला बघतो. याला कोनिसिटी म्हणतात. हे एकाच कंपनीच्या चार टायरमध्ये पण असू शकतं, त्यामुळे एक ब्रँड घेतला म्हणजे गाडी ओढणारच नाही अशी हमी नाही. पण याची एक फार कामाची खूण आहे, टायर डावीकडून उजवीकडे नेला की ओढ पण बाजू बदलते. पुढची सगळी तपासणी याच खुणेवर उभी आहे.

तिसरं म्हणजे या स्टीलच्या पट्ट्यांच्या तिरकेपणामुळे येणारी ओढ, ती टायर डावीउजवीकडे केला तरी त्याच बाजूला राहते. प्रत्येक कंपनी आपल्या टायरमध्ये ही थोडी ठेवते, कमीजास्त, आणि दोन वेगळ्या डिझाइनचे टायर एका अॅक्सलवर आले की दोघांची मात्रा वेगळी पडते. याच्या खोलात जात नाही, फक्त लक्षात असू द्या की अदलाबदल करून ओढ हलली नाही म्हणजे टायर शंभर टक्के निर्दोष असं नाही.

आणि चौथं अगदी साधं, साइझ. साइडवॉलवर १८५/६५ आर१५ लिहिलंय म्हणून दोन कंपन्यांचे टायर एकसारख्या मापाचे नसतात. रुंदी आणि व्यास दोन्हीला स्टँडर्डमध्येच थोडी सूट असते, त्यामुळे शेजारी उभे केले तर डोळ्याला पण फरक दिसतो कधीकधी. त्यात एक नवा आणि एक झिजलेला. हिशोबाने हा टायर नवा असताना ६२१ मिमी व्यासाचा, नक्षी ८ वरून ३ वर आली की व्यास १० मिमी कमी, म्हणजे दीड टक्क्याच्या वर. चालताना प्रत्यक्ष फरक याहून कमी पडतो कारण रेडिअल टायरचा घेर मुख्यतः आतल्या स्टीलच्या पट्ट्यावर ठरतो, पण फरक उरतोच.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे कारण चुकीच्या क्रमाने केलं की एका दोषाने दुसरा झाकला जातो.

सगळ्यात आधी ओढ कधी येते ते नीट बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर ती ब्रेकची भानगड, टायरचा विषय बाजूला ठेवा. फक्त जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर ओढत असेल तर ड्राइव्हशाफ्ट, माउंटिंग, किंवा पुढच्या दोन टायरच्या व्यासातला फरक. एका स्पीडला गाडी शांत चालू आहे, ब्रेक नाही, रेस नाही, आणि तरी सतत एका बाजूला जाते, ही खरी टायर किंवा अलाइनमेंटवाली ओढ.

मग हवा. गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना, दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे तेवढी, चारही चाकांत एकाच गेजने. डाव्याउजव्यात तीनचार पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला जाते. हे वाचून हसू येईल पण निम्म्या केसेस इथेच संपतात, लोक हवा भरणाऱ्याच्या मीटरवर विश्वास ठेवून थेट अलाइनमेंटला जातात.

त्यानंतर चारही टायर वाचून काढा, मोबाइलमध्ये फोटो घ्या. कंपनी, मॉडेलचं नाव, साइझ, लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर (८८एच म्हणजे ५६० किलो आणि २१० किमी), आणि डॉट कोडचे शेवटचे चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कंपनी एकच पण मॉडेल वेगळं असेल तर ते वेगळेच टायर धरा, हे लोक विसरतात, एकाच कंपनीचा मायलेजवाला टायर आणि ग्रिपवाला टायर यांचं रबर, साइडवॉल, नक्षी सगळंच वेगळं असतं. शिवाय साइडवॉलवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेकडे आहे ना बघा, आणि आउटसाइड लिहिलं असेल तर ते अक्षर बाहेरून दिसलं पाहिजे. एका बाजूला आउटसाइड बाहेर आणि दुसऱ्या बाजूला आत असं बसवलेलं सापडतं, आणि मग वळणावर गाडी डावीकडे एक वागते आणि उजवीकडे दुसरंच.

नक्षीची खोली गेजने मोजा, प्रत्येक टायरवर आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणी. नुसतं बोट फिरवून अंदाज घेऊ नका, आतली कड गोटा झालेली असते आणि बाहेरून टायर मस्त दिसतो.

आता रस्ता. जवळजवळ प्रत्येक रस्त्याला पाणी वाहून जायला कडेकडे उतार असतो आणि तेवढी गाडी कडेला जाणारच, तो दोष नाही. म्हणून रिकामा, सपाट, सरळ रस्ता घ्या, वारा नसताना, एकाच स्पीडला, साधारण साठाच्या आसपास, जाताना आणि येताना दोन्ही वेळा बघा. हात स्टिअरिंगवरच, फक्त पकड सैल. हात सोडून टेस्ट घेण्याचे व्हिडिओ लोक टाकतात, तसं करू नका. रस्ता खरंच सपाट असेल आणि दोन्ही दिशांना ओढ एकाच बाजूला असेल तर ती गाडीची.

इथून मुख्य प्रयोग. पुढची दोन चाकं रिमसकट डावीउजवीकडे बदला आणि त्याच रस्त्यावर परत जा. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला घट्ट करा (छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो), टेस्ट करून आल्यावर परत एकदा बघा. बाणवाले टायर असतील तर हा प्रयोग नको, कारण चाक उलटं फिरेल, त्याऐवजी बाजू तीच ठेवून पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे करा.

ओढ बाजू बदलली तर दोष त्या दोन टायरमध्ये आहे, अलाइनमेंटवाल्याकडे जायचं कारण नाही. ओढ त्याच बाजूला राहिली तर पुढचीमागची चाकं बदलून बघा. मागची जोडी पुढे आल्यावर ओढ गेली तर परत टायरच, ते पट्ट्यांच्या तिरकेपणाचं प्रकरण असणार. काहीही केलं तरी ओढ तिथेच, तेव्हा मग अलाइनमेंट, धरून राहिलेला ब्रेक, वाकलेला आर्म वगैरे. ब्रेक धरलाय का हे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं की कळतं, दोन्ही बाजू सारख्या सहज फिरायला पाहिजेत.

आता एक पूर्ण केस सांगतो, कारण यात "परत परत का होतं" याचं उत्तर आहे. मावसभावाची पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, चारही टायर एकाच कंपनीचे, त्यांना अ म्हणू. पुढचे दोन ३.५ मिमी, मागचे दोन ५ मिमी. खड्ड्यात पुढच्या डाव्याची साइडवॉल कापली गेली. स्टेपनी लहान साइझची, तात्पुरतीवाली. म्हणून दुसऱ्या कंपनीचा एक नवा टायर, ब म्हणू, ८ मिमीचा, तिथेच पुढे डावीकडे बसवला. लगेच गाडी डावीकडे जायला लागली. हे वरच्या हिशोबाला धरूनच आहे, डावा नवा टायर मऊ, तो उजवीकडे कमी ढकलतो, उजवा जुना डावीकडे जास्त, शिवाय खोल नक्षीच्या नव्या टायरला फिरायला पण थोडा जास्त जोर लागतो, तो ब्रेकसारखा त्या बाजूला धरतो.

पहिली अलाइनमेंट झाली, टो दुरुस्त केला, फरक शून्य. याचं कारण असं की पुढचा टो बदलला तर दोन्ही चाकं आपसात ते वाटून घेतात, स्टिअरिंगचा मध्य हलतो पण ओढ सहसा जात नाही. दुसऱ्या ठिकाणी गेला तो माणूस हुशार निघाला, जरा जास्तच हुशार. त्याने स्ट्रटचे बोल्ट ढिले करून तिथे जेवढी जागा मिळते तेवढी वापरून कॅम्बर हलवला. आधी दोन्ही बाजू मायनस अर्ध्या डिग्रीच्या आसपास होत्या, मायनस म्हणजे चाक वरून आत झुकलेलं, त्याने डावीकडे मायनस ०.६ आणि उजवीकडे ०.० करून दिलं. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह त्या बाजूला जाते, म्हणजे आता कोनांमुळे गाडी उजवीकडे जायला बघणार आणि टायरमुळे डावीकडे, दोन्ही कटले, गाडी सरळ. कागदावर पण सगळं हिरवं, कारण कंपनीची सूट मायनस ०.५ च्या दोन्ही बाजूंना पाऊण डिग्रीची होती आणि दोन्ही आकडे त्यात बसतात. डाव्याउजव्यातला फरक साधारण अर्ध्या डिग्रीच्या आत असावा, तो इथे ०.६ झाला होता, पण तिकडे कोणी बघत नाही, रंग बघतात.

मग नेहमीसारखं रोटेशन झालं. सरळ पद्धतीने, मागचे पुढे, पुढचे मागे. ब टायर मागे डावीकडे गेला, पुढे दोन्ही अ आले. टायरची ओढ मागे गेली, आणि मागचा टायर स्टिअरिंगला हलवत नाही त्यामुळे ती फारशी जाणवत नाही. पण कॅम्बरमध्ये घातलेली उजवीकडची ओढ तशीच राहिली. आता गाडी उजवीकडे. झालं, भाऊ म्हणतो नवीनच दोष आला, तिसऱ्या अलाइनमेंटला परत सगळं हिरवं, आणि तिथून सस्पेन्शन खोलायचा सल्ला मिळाला.

बघायला घेतलं तेव्हा त्याच्याकडे जुने प्रिंटआउट होते हे नशीब. कागद शेजारी ठेवल्यावर कॅम्बर कुठे हलला ते दिसलंच, पण खात्री करायला पुढचे दोन्ही अ डावीउजवीकडे केले. ओढ उजवीकडेच राहिली, म्हणजे हे टायर दोषी नाहीत. मग ब टायर मागून काढून परत पुढे डावीकडे लावला, आणि गाडी सरळ. दोन दोष एकमेकांवर टेकून उभे होते, एक काढला की दुसरा पडतो.

उपाय मग सोपा होता. कॅम्बर दोन्ही बाजूंना परत सारखा केला, पूर्वीइतका. ब कंपनीचा त्याच मॉडेलचा आणखी एक टायर घेतला आणि दोन्ही ब मागे लावले. पहिला ब तोवर ७ मिमीवर आला होता आणि नवा ८, इंजिनचा जोर न मिळणाऱ्या मागच्या अॅक्सलवर एवढा फरक चालतो. जे अ टायर आधी मागे होते, जास्त नक्षीचे, ते दोन पुढे. उरलेला एक अ स्टेपनीच्या जागेत मावतो का बघितलं, मावला, म्हणून तो तिथे. गाडी सरळ झाली आणि पुढच्या तपासणीतही सरळच होती.

यावरून नियम काय तो निघतो, एका अॅक्सलवर दोन्ही टायर सारखे, कंपनी, मॉडेल, साइझ, आणि नक्षीची खोलीही होईल तितकी जवळची. पुढे एक जोडी आणि मागे दुसरी जोडी हे चालतं, आदर्श नाही पण चालतं. एका अॅक्सलवर डावा वेगळा आणि उजवा वेगळा हे टाळा, पंक्चरमुळे चारदोन दिवस चालवायची वेळ आली तर ते वेगळं, तेव्हा हळू चालवा. आणि एकच टायर घ्यायची वेळ आली तर आधी डिकी उघडा, स्टेपनी पूर्ण साइझची आणि गाडीसोबत आलेल्या मॉडेलचीच असेल तर तीच जोडीदार होऊ शकते, फक्त डॉट कोड बघा, न वापरलेला टायर पण वयाने म्हातारा होतो.

आता पुढे एक जोडी आणि मागे दुसरी, यातला जो धोका आहे त्यावर जरा थांबतो, कारण गाडी एका बाजूला ओढते हा त्रास आहे, पण हा खरा धोका आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून सगळे सहज बुद्धीने नवी जोडी पुढे लावतात आणि मागे ३ मिमीचे जुने राहतात. कोरड्यात काहीच कळत नाही, उलट छान वाटतं. पाऊस पडून रस्त्यावर पाणी साचलं की खोल नक्षी पाणी बाहेर काढते आणि उथळ नक्षी काढू शकत नाही, ती पाण्यावर उचलली जाते. पुढचे टायर पकड धरून आहेत, स्टिअरिंगमध्ये काहीच इशारा नाही, आणि वळणावर तुम्ही पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की वजन पुढे येतं, मागची पकड आणखी कमी होते आणि मागचा भाग बाहेर निघतो. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं पडतं, माणूस आपोआप स्पीड कमी करतो आणि बऱ्याचदा सावरतो. मागची सुटली तर सावरायला उलटं स्टिअरिंग तेही अचूक वेळेला द्यावं लागतं, ते रोज गाडी चालवणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून टायर कंपन्या सांगतात की दोनच नवे घेतले तर मागे लावा, गाडी पुढून चालणारी असो की मागून. ईएसपी मदत करतो, पण तोही टायरच्या पकडीवरच काम करतो, पाण्यावर तरंगणाऱ्या टायरला ब्रेक लावून काही मिळत नाही.

इथे एक गंमत होते. नवे टायर मागे लावल्यावर पहिले काही दिवस कोरड्यात हायवेला लेन बदलताना मागचा भाग जरा डोलतो, उशिरा येतो असं वाटतं. तेच कारण, उंच गट्टे, शिवाय नव्या रबरावर साच्यातला तेलकट थर असतो. लोक घाबरतात, म्हणतात टायर खराब, आणि परत पुढे लावून घेतात, आणि ते बरं वाटतं म्हणून तसंच ठेवतात. काहीशे किलोमीटर शांतपणे चालवा, हवा बरोबर ठेवा, डोलणं बरंच कमी होतं. तेवढं चालवूनही डोलत असेल तर मागे मऊ साइडवॉलचा आरामवाला टायर आणि पुढे ताठ साइडवॉलचा स्पोर्टी टायर अशी जोडी पडली आहे का बघा. दोन्ही जोड्यांची नक्षी साधारण सारखी शिल्लक असेल तर जास्त पकडवाली जोडी मागे घ्या, फरक लगेच कळतो. नक्षीत मोठा फरक असेल तर खोलवाली मागेच.

नक्षीचा प्रकार मिसळण्याबद्दल पण हाच विचार. पुढे रस्त्यावरचा टायर आणि मागे मोठ्या गट्ट्यांचा ऑल-टेरेन, हे एसयूव्हीवाले करतात, मागचे गट्टे कोरड्या डांबरावर वाकतात आणि ओल्या डांबरावर पकड कमी, म्हणजे दोन्हीकडून मागचा भाग कच्चा. बर्फाच्या प्रदेशात फक्त पुढे विंटर टायर लावणं तर याहून वाईट, पुढचा भाग थांबतो आणि मागचा थांबत नाही. विंटर लावायचे तर चारही. बाणवाली व्ही नक्षी एका अॅक्सलवर आणि साधी दुसऱ्या अॅक्सलवर असेल तर एवढं बिघडत नाही, फक्त पाण्यात दोन्ही अॅक्सल वेगवेगळ्या स्पीडला पकड सोडतील, म्हणून पाणी जास्त चांगलं काढणारी मागे.

फोर व्हील ड्राइव्ह किंवा ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर वरचा "पुढे एक जोडी, मागे एक" हा नियम तसाच लावू नका. चारही चाकांचा घेर वेगळा असला की मधला कपलिंग किंवा डिफरन्शियल सतत घसरत राहतो, तापतो, आणि त्याचा खर्च चार टायरपेक्षा मोठा. कंपनी मॅन्युअलमध्ये नक्षीतला जास्तीत जास्त फरक देते, बऱ्याच गाड्यांना तो २-३ मिमीच असतो. त्यापेक्षा जास्त असेल तर चारही टायर.

शेवटी दिव्यांचं. काही गाड्यांमध्ये हवेचा सेन्सर चाकात नसतो, एबीएसच्या सेन्सरवरून चाक किती फिरतंय ते मोजून हवा कमी आहे असा अंदाज घेतात. वेगळ्या व्यासाचा टायर लावला की हवा बरोबर असूनही दिवा लागतो. आधी हवा थंड असताना तपासा, मग सिस्टिम रीसेट करा, काही दिवस चालवा. परत परत लागत असेल तर त्या चाकाच्या टायरचा घेर बाकीच्यांशी जुळत नाही, खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करून गाडी चाक एक फेरा होईपर्यंत ढकला आणि टेपने अंतर मोजा, चारही चाकांचं. गाडीत माणसं न बसवता, हवा सारखी ठेवून. एकाच अॅक्सलवर दीडदोन सेंटीमीटरचा फरक निघाला तर तो दिवा खोटं बोलत नाहीये.